‘किती किलो?’ला नो आन्सर!

नांदेडच्या एका डाएटिशियननं क्लायंटसाठी स्वतःची ओळख सांगणारं एक पान लिहिलंय. त्यात डिग्री आहे, फी आहे, तिची पद्धत आहे, पण किलोचा आकडा कुठंच नाही. लातूरच्या एका जिमला नेमकं हेच खटकलं...

डाएटिशियनच्या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न कोणता येत असेल? ‘काय खाऊ?’ हा नक्कीच नाही. पहिला प्रश्न असतो, ‘किती किलो कमी होईल?’ आणि त्याला चिकटून दुसरा, ‘किती दिवसांत?’ लग्नाची तारीख ठरलेली असते, कंपनीच्या मेडिकलची तारीख आलेली असते, नाहीतर फेसबुकवर कॉलेजच्या मैत्रिणीचा ‘आफ्टर’ फोटो पाहिलेला असतो. आपल्याला टार्गेट लागतं. ऑफिसमध्ये क्वार्टरचं, तसं पोटाचंही!

मी जिच्याबद्दल लिहितेय ती नांदेडला बसते आणि दर शनिवारी एसटीनं लातूर गाठते. नाव छापायचं नाही ही तिची अट. ‘लेख माझ्यावर नको, पानावर लिही,’ असं तिनं बजावलं. मग आपण तिला नुसतं मॅडमच म्हणू. तिचे क्लायंटही तेच म्हणतात.

पान म्हणजे काय, तर ए-फोर साइजचा एक कागद. पहिल्यांदा फोन करणाऱ्याला ती तो व्हॉट्सअॅपवर पाठवते. वाचून यायचं असेल तर या, नाहीतर राहिलं. मागच्या वर्षी लातूरच्या एका जिमनं तिला खोली देऊ केली होती. औसा रोडला, भाडं निम्मं, एसी वगैरे सगळं. अट एकच होती. बाहेरच्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली ‘30 दिवसांत 10 किलो’ असं छापणार. तिनं आपलं पान पुढं केलं. मालकानं ते वाचलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ह्याच्यात तर तुम्ही काहीच देत नाही ओ!’ खोली गेली. आता ती एका फिजिओथेरपिस्टच्या क्लिनिकमधली मागची खोली शनिवारपुरती वापरते. पंखा आवाज करतो, भाडं पूर्ण द्यावं लागतं.

मी ते पान दोनदा वाचलं. मग तिच्याकडे जाऊन ओळीमागून ओळ विचारत बसले. कारण जिमवाला चुकीचं बोलत नव्हता. आपल्यातल्या बहुतेकांना ते पान रिकामंच वाटेल.

डिग्रीचा फंडा

पानाची सुरुवात अशी आहे: ‘मी डॉक्टर नाही. मी डाएटिशियन आहे. औषध लिहून देत नाही, चालू असलेलं औषध बंद करायला सांगत नाही.’

स्वतःची जाहिरात ‘मी अमुक नाही’नं कोण सुरू करतं? पण तिचं म्हणणं, गोंधळ इथंच आहे. पांढरा कोट घातला की लोक डॉक्टर समजतात आणि शुगरची गोळी अर्धी करू का, असं तिला विचारतात. म्हणून पहिलीच ओळ ती.

त्याखाली शिक्षण. होम सायन्सची पदवी परभणीच्या कृषी विद्यापीठातून (त्या कॉलेजला आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात). मग मुंबईत डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा. मग हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप. आणि शेवटी आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही परीक्षा इंडियन डाएटेटिक असोसिएशनकडून होते आणि पास झाल्यावर नंबर मिळतो. तिचा नंबर पानावर छापलेला आहे.

यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा कोणता, असं मी विचारलं. मला वाटलं आरडी म्हणेल. ती म्हणाली, ‘इंटर्नशिप. सहा महिने वॉर्डात फिरल्यावर कळतं की सगळ्यांना सगळं चालत नाही. किडनीच्या पेशंटला डाळ वाढवायला सांगितली तर काय होतं, नारळपाणी कुणासाठी धोक्याचं असतं, नळीतून खाणाऱ्याचं गणित कसं करतात... हे पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही. ज्यानं वॉर्ड पाहिलेला नाही, तो डाएटमध्ये नाही म्हणायला शिकत नाही.’

आता बाजारात काय मिळतं ते बघा. ऑनलाइन कोर्स, शनिवार-रविवारचं वर्कशॉप, पावडर विकणाऱ्या कंपनीचं ट्रेनिंग. प्रत्येकातून ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ किंवा ‘वेलनेस कोच’ बाहेर पडतो. सर्टिफिकेट खोटं नसतं. फक्त ते कशाचं आहे हे आपण विचारत नाही. 2021 च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आणि नोंदणीची तरतूद केली. सोशल मीडियावर आरोग्याचे सल्ले देणाऱ्या तज्ज्ञांनी आपली पात्रता जाहीर करावी, असं केंद्र सरकारनं 2023 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. पण तुमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवर नावापुढं काय लिहिलंय ते बघायला रोज कुणी येणार नाही. ते आपणच बघायचं.

मॅडमची ट्रिक सोपी आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा. पदवी कुठून आणि कोणत्या वर्षी? इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलला? आणि तुम्ही काही विकता का? खरी डाएटिशियन पहिल्या दोनची उत्तरं एका दमात देते. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर फोन लगेच ठेवायची गरज नाही, पण मग तुमच्या डाएटमध्ये ते पाकीट कितव्या ओळीवर येतं यावर लक्ष ठेवा. तिच्या पानावर वाक्य आहे: ‘माझ्याकडे डबे, पावडर, चहा, कॅप्सूल मिळत नाहीत. कोणत्याही दुकानाचं कमिशन घेत नाही.’

आकडा का नाही?

मुद्द्याची गोष्ट ही! पानाच्या मध्यावर चौकटीत लिहिलंय: ‘तुम्हाला भेटल्याशिवाय आणि भेटल्यावरही मी किलोचा आकडा देणार नाही. मी काय करणार ते सांगेन, तुम्ही काय करायचं ते सांगेन. शरीर काय करेल त्याची गॅरंटी माझ्या हातात नाही.’

जिमच्या मालकाला हे ‘काहीच नाही’ वाटलं. पण थोडं खोलात जाऊ.

आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. मोठ्या माणसात तो सगळा मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. गंमत अशी की त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. तुम्ही भात, पोळी, साखर एकदम तोडली की शरीर हा साठा वापरतं आणि सोबतचं पाणी सुटतं. मीठ कमी झालं तर आणखी पाणी जातं. चार दिवसांत काटा दोन किलो खाली! तुम्ही खूश, कोच खूश, फोटो ग्रुपवर. चरबी मात्र त्यातली जेमतेम. आणि एका लग्नाचं जेवण झालं की हेच पाणी परत येतं.

म्हणजे ‘पहिल्या आठवड्यात दोन किलो’ हे आश्वासन जवळपास कुणीही पाळू शकतं. ते पाणी विकणं आहे. (बाटलीबंद पाण्यापेक्षा भाव चांगला मिळतो, एवढंच.)

आणि पुढचे आठवडे? तिथं एक जुनं गणित वापरलं जातं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 500 कमी खा, पंधरा दिवसांत किलो गेला. हे गणित 1958 मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरनं पाउंडांत मांडलं होतं आणि आजही अॅप्स तेच सांगतात. कागदावर ठीक आहे, पण माणूस कागद नाही. वजन उतरलं की छोट्या झालेल्या शरीराला रोजचं इंधन कमी लागतं. माणूस नकळत कमी हलतो, लिफ्ट घेतो, लवकर आडवा होतो. भूक वाढते. मग त्याच डाएटवर पहिल्या महिन्यात जे घडलं ते तिसऱ्या महिन्यात घडत नाही.

घाई केली तर आणखी वाईट. अमेरिकेतला ‘द बिगेस्ट लूझर’ हा रिअॅलिटी शो आठवतो? त्यातल्या 14 स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या टीमनं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. निष्कर्ष 2016 मध्ये आले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर नुसतं बसून असताना जितक्या कॅलरी जाळायला हवी त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 नं कमी जाळत होतं. शो संपून सहा वर्षं झाल्यावरसुद्धा! शिवाय झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि प्रोटीन नीट नसेल तर चरबीसोबत स्नायूही जातात.

‘मग सुरक्षित किती, तेवढं तरी लिही ना,’ मी म्हटलं. ते तिनं लिहिलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. त्यात वजन सावकाश उतरवा, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास ठीक, आणि दिवसाला हजार कॅलरीच्या खाली आहार नेऊ नका, असं आहे. पानावर ते या शब्दांत येतं: ‘याहून जोरात उतरायला लागलं तर मी तुमचं डाएट वाढवीन.’ हा वेग म्हणजे घाटातली स्पीड लिमिटची पाटी. गाडी किती वाजता पोचणार, हे त्या पाटीवर नसतं.

दीक्षितवाल्या की दिवेकरवाल्या?

लातूरला बसायचं म्हटलं की हा प्रश्न टळत नाही. कारण ‘दीक्षित डाएट’चं गावच हे. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनवैद्यकशास्त्र शिकवायचे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून त्यांनी दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मधे काही नको, हे सूत्र गावोगावी नेलं. दुसरीकडं ऋजुता दिवेकर यांचं थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खा. 2018 च्या सुमाराला महाराष्ट्रातल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर यावरून दोन पार्ट्या पडल्या होत्या. आठवतंय ना? आमच्या घरी तर काका आणि मामी अजून त्यावर बोलत नाहीत.

मॅडमच्या पानावर यासाठी एक ओळ आहे: ‘दिवसातून किती वेळा खायचं हे तुमचं काम, झोप आणि औषधं बघून ठरवू.’ ही डिप्लोमॅटिक ओळ वाटते, पण तिच्यातला ‘औषधं’ हा शब्द सगळ्यात जड आहे. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन असं असतं की ते घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. अशा माणसानं दोन वेळांवर यायचं असेल तर आधी डॉक्टरनं डोस बदलायला हवा. म्हणून तिच्या पहिल्या भेटीत प्रिस्क्रिप्शन आणणं कम्पल्सरी आहे. औषधाचं नाव माहीत नसेल तर रिकामं पाकीट आणा, असं लिहिलंय. पाकीट विसरलं तर त्या दिवशी डाएट मिळत नाही. फी मात्र घेत नाही, हे विशेष!

एका बँकवाल्याची गोष्ट

पद्धत कशी चालते ते एका क्लायंटवरून सांगते. त्यानं परवानगी दिलीय. लातूरचा, वय 31, एका बँकेत लोन सेक्शनला. उंची 168 सेंटिमीटर, वजन 84 किलो, कंबर 102 सेंटिमीटर. भारतीयांसाठी पुरुषांच्या कमरेची धोक्याची रेघ 90 सेंटिमीटर मानतात, बायकांची 80. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी टेस्ट 6.1 आली होती. डायबेटिस नाही, पण दारात उभा. आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, मी पोळी बंद करून निस्ती भाकर खायलोय, तरी वजन हलंना.’

भाकरीवर आपल्या मराठवाड्याचा भारी विश्वास. पण शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 330 कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठातही तितक्याच, उन्नीस-बीस. फरक मापात आहे. त्याच्या आईची एक भाकरी मॅडमनं फोटोवरून नाही, तर पीठ मोजायला लावून काढली. साठ ग्रॅम पीठ, म्हणजे एकेक भाकरी 200 कॅलरीची. फुलका साधारण तीस ग्रॅमचा. एक भाकरी म्हणजे दोन फुलके! तो आधी तीन पोळ्या खायचा आणि आता तीन भाकरी. हलकं खातोय या समजुतीत तो जास्त खात होता. ज्वारी चांगलीच आहे. पोट भरतं, फायबर आहे, ग्लुटेन नाही. पण वजन उतरवायची जादू तिच्यात नाही.

मग पन्नास मिनिटं तिनं फक्त कालचा दिवस विचारला. याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. ‘काय खाता?’ असं विचारलं की माणूस आदर्श दिवस सांगतो. ‘काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?’ असं विचारलं की खरा दिवस बाहेर येतो. टेबलावर तिनं तीन मापांच्या वाट्या आणि दोन चमचे ठेवलेत, बोट दाखवून सांगायचं. शिवाय एक रविवार वेगळा विचारते, कारण आपला रविवार आणि मंगळवार ही दोन वेगळी माणसं असतात.

बाहेर काय आलं? चहा सहा. प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, साधारण 240 कॅलरी. चहा त्याच्या हिशेबात ‘खाणं’ नव्हताच. संध्याकाळी शाखेखालच्या गाड्यावर भजी, आठवड्यातून पाच दिवस. जेवण रात्री साडेदहाला. आणि मग तिचा आवडता प्रश्न, जो तिनं त्याला नाही, त्याच्या आईला फोनवर विचारला: ‘काकू, महिन्याला तेल किती लागतं?’ चार माणसं, पाच लिटर. हिशेब करा. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. एका माणसाला रोज सुमारे 38 ग्रॅम, आणि त्याच्या जवळपास 340 कॅलरी नुसत्या फोडणीतून!

डाएट म्हणून जे दिलं ते ऐकून तुमची निराशा होईल. भाकरी रात्री दोन, तीन नाही. चहा तीन, साखर एकेक चमचा. घरात तेल महिन्याला तीन लिटर, वेगळ्या डब्यात काढून ठेवायचं, संपलं की संपलं. भजी शुक्रवारी, बाकी दिवशी मूठभर फुटाणे. दुपारच्या डब्यात वरण पातळ नको, घट्ट, दोन वाट्या, नाहीतर मटकीची उसळ. अंडी तो खायचा, ती वाढवली. जेवण नऊच्या आत, जमेल तेव्हा. ब्रोकोली नाही, किनोआ नाही, चिया नाही. शेंगदाण्याची चटणी बंद केली नाही, फक्त चमचा छोटा केला. एक मोठा चमचा म्हणजे ऐंशी कॅलरी. ‘चटणी बंद केली तर लातूरचा माणूस चौथ्या दिवशी माझ्याकडे यायचा बंद होतो,’ इति मॅडम.

चहा, तेल आणि भज्यांतूनच रोज चारशेच्या आसपास कॅलरी कमी झाल्या. जुन्या गणितानं बारा आठवड्यांत साडेचार किलोच्या आतबाहेर. प्रत्यक्षात काय झालं ते त्याच्या वहीत आहे. पहिल्या आठवड्यात 84 चं 82.3. तो उड्या मारत आला, तिनं सांगितलं, हे बरंचसं पाणी आहे, पेढे वाटू नका. दुसऱ्या आठवड्यात 81.9, तिसऱ्यात 81.8. चौथ्यात चुलत बहिणीचं लग्न, तीन दिवस पंगती, काटा 82.4. इथं तो डाएट सोडणार होता. मेसेज होता, ‘मॅडम, माझ्याच्यानं होत नाही.’ तिनं नवीन काही दिलं नाही, उलट त्या आठवड्यात वजन करूच नका म्हणाली. पाचव्यात 81.6. मग आठव्यापासून दहाव्यापर्यंत काटा 81.2 ला अडून बसला. बाराव्या आठवड्यात 80.6.

एकूण साडेतीन किलोही नाही! ‘30 दिवसांत 10’ च्या फ्लेक्सखाली हा माणूस महिन्यातच फेल ठरला असता. आणि पुढची पायरी तुम्हाला माहीत आहे: जेवण बंद, नाहीतर पावडरचा डबा.

पण वहीत दुसरी पानं आहेत. कंबर 102 ची 96. एचबीएवनसी 6.1 चा 5.8. काटा अडला होता त्या तीन आठवड्यांत कंबर दीड सेंटिमीटर उतरली होती. हे कसं? वजनात रोजच्या पाण्याची वर-खाली एक-दीड किलोपर्यंत सहज असते आणि चरबीतला बदल तिच्याखाली झाकला जातो. कंबर त्या मानानं कमी फसवते. फक्त टेप नेहमी एकाच ठिकाणी, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून लावायची. म्हणून पानावर ‘आपण काय मोजू’ या मथळ्याखाली वजन चौथ्या नंबरवर आहे. आधी कंबर, मग रक्ताचे रिपोर्ट, मग झोप.

नाही म्हणायची यादी

पानाच्या खालच्या भागात ती कोणाला घेत नाही ते आहे. हा भाग मला सगळ्यात धाडसी वाटला, कारण इथं थेट पैसे जातात. लग्न तीन आठवड्यांवर आहे आणि पाच किलो हवेत, अशांना ती नाही म्हणते. गरोदर बाईला वजन उतरवायचं डाएट देत नाही. कारण नसताना वजन झपाट्यानं उतरतंय किंवा वाढतंय, पाळी महिनोन्‌महिने थांबलीय, मान-गळ्याशी सूज आहे, यांना आधी डॉक्टरकडे पाठवते. थायरॉइडचं काम नीट नसेल, किंवा चालू असलेल्या औषधानंच वजन वाढत असेल, तर नुसत्या भाकऱ्या मोजून काय होणार? 2025 पासून वजनाची नवी इंजेक्शनं भारतात मिळायला लागली. तीही डॉक्टरचंच काम. ती घेणाऱ्यांना भूक मरते तेव्हा प्रोटीन कसं पोटात जाईल एवढं ती बघते. आणि जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणारी, दिवसभर कॅलरीच मोजत राहणारी मुलं-मुली आली तर मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर देते, डाएट देत नाही. वसतिगृहांच्या लातुरात हे दिसतं, असं ती हळू आवाजात म्हणाली आणि त्यावर पुढं काही बोलली नाही.

बिफोर-आफ्टर फोटो पानावर नाहीत. लाइट बदला, खांदे मागं घ्या, पोट आत ओढा, संध्याकाळऐवजी सकाळी फोटो काढा... पंधरा मिनिटांत एकाच माणसाचे दोन्ही फोटो निघतात. शिवाय नांदेड काय किंवा लातूर काय, चेहरा झाकला तरी शर्टवरून ओळखतात! कायद्याची बाजूही आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंद केलेली आहे. डाएट हे औषध नव्हे, त्यामुळं तिला तो थेट लागू होत नाही. पण पुराव्याशिवाय केलेला दावा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो. तो जिमवाला हे ऐकून हसला होता म्हणे. ‘इतक्या फ्लेक्सांवर आहे, कुणाला काय झालंय?’

फी पानावर स्पष्ट आहे, पहिल्या भेटीची आणि फॉलोअपची वेगळी. तीन महिन्यांचं पॅकेज नाही. पंधरा दिवसांनी या, त्या भेटीचे पैसे द्या, नको वाटलं तर येऊ नका. पॅकेज नसल्यामुळं तिचं उत्पन्न दर महिन्याला वर-खाली होतं. जूनमध्ये कोचिंग क्लासेस सुरू होतात तेव्हा पालकच येत नाहीत, दिवाळीनंतर रांग लागते. मी विचारलं, आकडा टाकला तर क्लायंट वाढतील ना? ती म्हणाली, ‘दुप्पट. आणि तिसऱ्या महिन्यात सगळे शिव्या देत जातील. नांदेड केवढंसं आहे गं?’

बँकवाला अजून येतो, आता महिन्यातून एकदा. मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या आठवड्यात त्यानं मेसेज टाकला होता, ‘मॅडम, येळवसला काय करू?’ वेळ अमावास्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो, त्या दिवशी आंबील आणि भज्जीला कुणी नाही म्हणत नाही. तिनं उत्तर पाठवलं: ‘शेतात जा. भज्जी पोटभर खा, त्यात भाज्या आणि तुरीचे-हरभऱ्याचे दाणेच असतात. आंबील प्या. तेलच्या मोजून. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका, शनिवारी वही घेऊन या.’